चांदवडचा थोरला : मुलाखती आणि प्रतिक्रियांतून एका वाचकाचे चित्र कसे उभे करावे

उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर मी एकदा एक लांबलचक लेख लिहिला होता. त्यात कांदा साठवायच्या हवेशीर चाळीची लांबी-रुंदी होती, कांदा सडण्याची कारणे होती, मागच्या काही वर्षांतल्या भावांचा चढउतार होता, अनुदानाची माहिती होती आणि शेवटी व्यापाऱ्यांनी काय करावे यावरही एक परिच्छेद होता. लेखाचे कौतुक झाले. आठवडाभराने चांदवड तालुक्यातल्या एका वाचकाचा फोन आला. तो म्हणाला, "सर, लेख वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि मग म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण आता भरायचा का विकायचा?" या प्रश्नाचे उत्तर लेखात होते, पण ते चार-पाच ठिकाणी विखुरलेले होते आणि फोनवरून कोणाला सांगता येईल अशा एकाही वाक्यात नव्हते.

चूक भाषेची नव्हती, माहितीचीही नव्हती. लिहिताना माझ्यासमोर 'कांदा उत्पादक शेतकरी' नावाचा जो कोणी होता, तो मला हवा तसा वागत होता. चाळीच्या मापांचा परिच्छेद लिहिताना तो नवी चाळ बांधणारा झाला, अनुदानाच्या वेळी कागदपत्रे जमवणारा झाला आणि भावांच्या तक्त्याच्या वेळी अभ्यासक झाला. ॲलन कूपर या संगणक-प्रणाली रचनाकाराने १९९९ मध्ये 'पर्सोना', म्हणजे खऱ्या माणसांच्या माहितीतून उभे केलेले एका वापरकर्त्याचे चित्र, ही कल्पना लोकांपुढे आणली, तेव्हा त्याची मुख्य तक्रार हीच होती : 'वापरकर्ता' हा शब्द इतका लवचिक आहे की प्रत्येक जण आपल्या सोयीने तो ताणतो. मी त्याला रबरी वाचक म्हणतो. तो टाळायचा असेल तर त्याच्या जागी असा एक माणूस बसवावा लागतो की जो ताणला जात नाही, कारण त्याच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट कोणीतरी प्रत्यक्ष सांगितलेली असते. असा माणूस मी पुढच्या हंगामासाठी कसा उभा केला, ते येथे क्रमाने सांगतो.

आधी निर्णय ठरवावा, मग वाचक

पहिली पायरी बहुतेक जण वगळतात आणि थेट वय, शिक्षण, उत्पन्न असे रकाने भरायला बसतात. त्यातून 'वय ४५, शिक्षण बारावी, जमीन पाच एकर, आवड : क्रिकेट' असे एक चित्र तयार होते, आणि ते समोर ठेवून एकही वाक्य वेगळे लिहिता येत नाही. वाचकाचे चित्र हे एखाद्या निर्णयाभोवतीच उभे राहते. म्हणून सुरुवातीला कागदावर एकच ओळ लिहावी : हा माणूस कोणत्या निर्णयाच्या काठावर उभा असताना माझा लेख वाचणार आहे?

माझी ओळ अशी होती : 'एप्रिल-मे महिन्यात काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की लगेच बाजार समितीत न्यायचा.' ही ओळ ठरली आणि लाल कांदा, रांगडा कांदा, रोपवाटिका, खतांचे डोस हे सगळे विषय आपोआप बाजूला गेले. कोणाशी बोलायचे आणि काय विचारायचे, हेही तिच्यामुळेच ठरले.

प्रतिक्रिया वाचण्याची रीत

लेखांखाली आलेल्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या आणि फोनवर ऐकून मी टिपून ठेवलेल्या अशा दोन हंगामांतल्या सुमारे दीडशे प्रतिक्रिया माझ्याकडे होत्या. त्या मी एका वहीत उतरवल्या. प्रत्येकीसाठी चार रकाने केले : वाचकाचे शब्द जसेच्या तसे, प्रतिक्रिया आलेली तारीख, लिहिणारा कोण आहे याची प्रतिक्रियेतच असलेली खूण, आणि प्रश्नाच्या मागे नुकतेच काय घडले असावे. शब्द उतरवताना शुद्धलेखन सुधारायचे नाही आणि दोन प्रतिक्रिया एकत्र करायच्या नाहीत. 'कांदा काजळला' असे कोणी लिहिले असेल तर त्याचे 'काळ्या बुरशीचा प्रादुर्भाव' करून ठेवले की पुढे लेखात काजळी हा शब्द आठवत नाही, आणि वाचक तर तोच शब्द घेऊन उत्तर शोधत असतो.

सर्वाधिक प्रतिक्रिया एकाच प्रश्नाच्या होत्या : भाव वाढतील का? संख्या मोजणारा येथे फसतो. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला म्हणून भावावर लेख लिहावा असे वाटते. पण त्याचे प्रामाणिक उत्तर कोणाकडेच नसते. उपयोगाचा असतो तो त्या प्रश्नाला जोडून आलेला तुकडा. माझ्या वहीतल्या काही ओळी अशा होत्या :

'भाव वाढतील का, सोसायटीचे भरायचे आहेत.'

'वाढतील का सर, आबा म्हणतात थांबू, मला वाटतं विकावा.'

'चाळ भाड्याची आहे, किती दिवस थांबू?'

'मागल्या साली थांबलो आणि निम्मा फेकला. यंदा वाढतील का?'

चौघांनी विचारलेला प्रश्न एकच आहे, पण माणसे चार आहेत. पहिल्याला सोसायटीच्या कर्जाची तारीख ढकलते आहे, दुसऱ्याच्या घरात निर्णयावरून दोन मते आहेत, तिसऱ्याला भाडे मोजावे लागते आहे आणि चौथ्याचा स्वतःच्या मालावरचा विश्वास उडाला आहे. म्हणून प्रतिक्रियेतला प्रश्न तात्पुरता झाकून उरलेला भाग वाचावा, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. ज्या प्रतिक्रियेत प्रश्न झाकल्यावर काहीच उरत नाही, ती वहीत ठेवावी पण तिच्यावर काही उभारू नये. 'छान माहिती', 'शेतकऱ्याला कोणी वाली नाही' या दोन्ही प्रकारच्या ओळी याच जातीच्या आहेत. दुसरी तर शंभर टक्के मनापासून लिहिलेली असते, पण लेखासाठी तिच्यातून काही हाती लागत नाही.

प्रतिक्रियांची आणखी एक मर्यादा आहे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडले होते : शंभरातले नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण क्वचित काही लिहितात आणि एक जण बहुतेक सगळे लिहितो. हा आकडा प्रत्येक ठिकाणी तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण त्यामागचा इशारा खरा आहे. माझ्या वहीतही सात-आठ जणांनीच मोठा भाग व्यापला होता आणि ते सगळे स्वतःला जाणकार समजणारे, एकमेकांना उत्तरे देणारे लोक होते. त्यांच्यासाठी लिहिले तर लेख त्यांच्या वादाला पुरवणी होतो. म्हणून एका माणसाच्या कितीही प्रतिक्रिया असल्या तरी मोजताना त्याला एकच धरावे आणि गप्प राहणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाखतीला निघावे.

तारखेच्या रकान्याचा उपयोग मला उशिरा कळला. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांतल्या प्रतिक्रियांचा सूर इतका वेगळा होता की त्या इतर प्रतिक्रियांत मिसळल्या असत्या तर माझा वाचक कायमचा संतापलेला आणि साठवणुकीत रस नसलेला दिसला असता. त्या ओळी मी वेगळ्या पानावर ठेवल्या. त्या खोट्या नाहीत, पण त्या एका घटनेबद्दल आहेत, तर मला एका निर्णयाबद्दल हवे होते.

कोणाशी बोलावे, कुठे बोलावे

माझी पहिली चूक जागेची झाली. कांद्यावाल्यांशी बोलायचे म्हणून मी सरळ लासलगाव बाजार समितीत गेलो. लिलाव होऊन हिशोबपट्टी हातात पडेपर्यंत शेतकऱ्याला वेळ असतो, तो ट्रॅक्टरला टेकून निवांत बोलतो, त्यामुळे दोन सकाळींत चार मुलाखती झाल्या. घरी येऊन वाचताना लक्षात आले की चौघेही विकणारे होते. अर्थातच होते, ज्याने चाळ भरली तो त्या दिवशी बाजारात कशाला येईल? मला ज्या निर्णयाबद्दल जाणून घ्यायचे होते, त्याच्या एकाच बाजूची माणसे मी गोळा करून आणली होती. मुलाखतीची जागा निवडताना 'येथे कोण येत नाही' हा प्रश्न आधी विचारावा. पुढच्या मुलाखती मी चांदवड आणि देवळ्याकडच्या चाळींवर जाऊन घेतल्या, आणि दोन तर नाशिक शहरात, अंबडच्या औद्योगिक वसाहतीबाहेरच्या चहाच्या टपरीवर. त्या दोन का, ते पुढे येईलच.

एकूण नऊ मुलाखती झाल्या. किती घ्याव्यात याला काही आधार आहे. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून २००६ मध्ये असे दाखवले की नव्याने येणारे मुद्दे बाराव्या मुलाखतीपर्यंत जवळजवळ संपतात आणि मूळ मुद्दे तर पहिल्या सहांतच दिसू लागतात. मात्र हे तेव्हाच खरे ठरते, जेव्हा माणसे साधारण एका गटातली असतात आणि प्रश्न तेच असतात. निर्णय आधी ठरवून घेतल्याचा फायदा येथेही होतो. शेवटच्या दोन मुलाखतींत नवे काही आले नाही की थांबावे. माझ्या बाबतीत ते आठव्या-नवव्याला झाले.

मुलाखतीत नियम एकच : घडलेले विचारावे, मत विचारू नये. 'साठवणुकीबद्दल तुम्हाला कोणती माहिती वाचायला आवडेल?' असे मी पहिल्या मुलाखतीत विचारले होते. उत्तर आले, "सगळीच माहिती चांगली असते, सर." हे सौजन्य आहे, माहिती नाही. त्याऐवजी शेवटच्या प्रसंगाला धरून पुढे जावे. अंबडच्या टपरीवरचा एक तुकडा जसा टिपला तसा देतो :

"मागच्या वर्षी चाळ कधी फोडली?"

"ऑगस्टमध्ये."

"तेव्हाच का?"

"वास यायला लागला होता."

"वास कोणाच्या लक्षात आला?"

"आईच्या. ती रोज गोठ्यात जाताना चाळीवरून जाते. तिने मला फोन केला. आबांना नाही सांगितलं."

"आबांना का नाही?"

"ते म्हणाले असते, अजून आठ दिवस थांबू."

चार छोट्या प्रश्नांत घरातली सगळी रचना उघडी पडली : निर्णय आबांचा, नजर आईची आणि फोन शहरातल्या मुलाला. यातले काहीही वय आणि एकराच्या रकान्यात मावले नसते. 'कधी', 'कोणाच्या', 'त्याआधी काय झाले' हे प्रश्न विचारत राहावे आणि 'का' जपून वापरावा, कारण 'का' विचारले की माणूस स्वतःची बाजू मांडू लागतो. वरच्या संवादातही पहिल्या 'का'ने फारसे मिळाले नाही. 'कोणाच्या' या प्रश्नाने मिळाले.

बोलण्याआधी हे कशासाठी विचारतो आहे ते सांगून परवानगी घ्यावी, आणि रेकॉर्डिंगला समोरचा कचरला तर आग्रह न धरता वही काढावी. गावात कोणाची चाळ सडली हे सांगणे म्हणजे घरचे सांगणे असते, म्हणून वहीतही नाव न लिहिता क्रमांक टाकावा.

चिठ्ठ्या मांडणे

मुलाखतींतली महत्त्वाची वाक्ये आणि वहीतल्या निवडक प्रतिक्रिया मी एकेका चिठ्ठीवर लिहिल्या आणि दिवाणखान्यात सतरंजीवर मांडल्या. आधी जमिनीप्रमाणे लावून पाहिल्या : दोन एकरवाले, पाच एकरवाले, दहा एकरवाले. काहीच जमेना. दोन एकरवाला एक जण ऑक्टोबरपर्यंत कांदा धरून बसला होता आणि आठ एकरवाल्याने मे महिन्यातच सगळा विकून टाकला होता. कारण साधे होते. दोन एकरवाल्याच्या घरी महिन्याचा पगार येत होता. आठ एकरवाल्याला कर्ज भरायचे होते, मजुरी द्यायची होती आणि मुलीचे लग्न होते. म्हणजे थांबण्याची ताकद जमिनीवर नव्हती, घरात दुसरीकडून पैसा येतो की नाही यावर होती. हे कळल्यावर मी चिठ्ठ्या दोन प्रश्नांवर पुन्हा लावल्या : पैशाची घाई आहे का, आणि वाचणारा व ठरवणारा एकच आहे का. आता ढीग स्पष्ट झाले.

एका ढिगात घाई असलेले आणि स्वतः ठरवणारे लोक होते. त्यांना साठवणुकीचा लेख नकोच होता. त्यांच्यासाठी विकताना होणारी कपात आणि प्रतवारी हे वेगळे विषय आहेत. दुसऱ्या ढिगात घाई नसलेले, स्वतः ठरवणारे, अनुभवी. हे मला चाळीविषयी चार गोष्टी शिकवतील असे. तिसऱ्या ढिगाने मला चकित केले. तेथे वाचणारा एक होता आणि ठरवणारा दुसरा. नऊपैकी तीन मुलाखती आणि 'आबा म्हणतात', 'वडिलांना दाखवतो', 'घरी सांगतो' असे शब्द असलेल्या वीस-बावीस प्रतिक्रिया याच ढिगात आल्या. वडील मोबाइलवर लेख वाचत नाहीत. शहरात कंपनीत काम करणारा मुलगा दुपारच्या सुट्टीत वाचतो आणि संध्याकाळी फोनवर सांगतो. पहिल्या चार मुलाखतींत हा मुलगा कुठेच नव्हता, कारण तो लासलगावच्या लिलावात उभा नसतो. त्याच्यासाठीच मग अंबडला जावे लागले होते.

मी तिसरा ढीग निवडला. तो सर्वांत मोठा होता म्हणून नव्हे, तर त्याच्यासाठी लिहिलेले दुसऱ्या ढिगालाही वाचता येते, उलट मात्र होत नाही. निवडीची ही कसोटी मला संख्येपेक्षा भरवशाची वाटते.

चित्र कागदावर उतरवणे

चित्र अर्ध्या पानापेक्षा मोठे नसावे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या क्रमांकाच्या मुलाखतीतून किंवा किती प्रतिक्रियांतून आले ते लिहावे. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते आपल्या डोक्यातून आलेले असते. ते कितीही आवडले तरी खोडावे. माझ्या पहिल्या मसुद्यात 'त्याला आधुनिक शेतीची ओढ आहे' असे एक वाक्य होते. पुराव्याचा रकाना रिकामा निघाला. ती ओढ माझी होती.

चित्राला मी खरे वाटेल असे नाव न देता 'चांदवडचा थोरला' म्हणतो. कोणाच्या नावाशी ते जुळू नये हा त्यातला हेतू आहे, आणि लिहिताना नात्यातले स्थान डोळ्यांसमोर राहते हा फायदा आहे. पुराव्याचे आकडे वगळून कागदावरचा मजकूर असा आहे :

'थोरला अंबडला कंपनीत कामाला आहे. साप्ताहिक सुट्टीला गावी जातो. घरी अडीच-तीन एकर कांदा असतो, चाळ स्वतःची, जुनी. पगारामुळे घरी लगेच पैशाची नड नाही, म्हणून "थांबू" म्हणणे आबांना परवडते. ठरवतात आबा. आबा मोबाइलवर लेख वाचत नाहीत. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि वाचून आलेली गोष्ट ते सहज मान्य करत नाहीत. चाळीकडे रोज लक्ष आईचे. एकदा थांबून निम्मा कांदा फेकावा लागला, ती आठवण दोघांना आहे, पण दोष कशाचा यावर दोघांचे एकमत नाही. थोरला लेख दुपारी वाचतो आणि संध्याकाळी फोनवर दोन-तीन वाक्यांत सांगतो. त्याला आबांना चूक ठरवायचे नाही. त्याच्या तोंडचा प्रश्न : "भरायचा का विकायचा, आणि आबांना कसं सांगू?"'

शेवटचे वाक्य जसेच्या तसे एका मुलाखतीतून आले आहे, आणि सगळ्या कागदात तेच सर्वांत जास्त कामाला येते.

चित्र समोर ठेवून लिहिणे

जुन्या लेखाची सुरुवात अशी होती : 'कांदा हे नाशवंत पीक असून शास्त्रोक्त साठवणुकीअभावी मोठ्या प्रमाणावर नुकसान होते. वजनातील घट, सड आणि कोंब येणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत.' यात चूक काहीच नाही. पण थोरल्याने हे वाक्य फोनवर आबांना सांगून पाहावे, पलीकडून "मग?" एवढेच येईल. नवी सुरुवात मी अशी केली :

'शंभर क्विंटल कांदा भरला आणि सड, वजनघट धरून पंचवीस क्विंटल गेला, तर आज पंधराशेला जाणारा कांदा दोन हजारांना गेला तरच बरोबरी होते. थांबण्याचा फायदा दोन हजारांच्या पुढे सुरू होतो. म्हणून भाव किती होईल यापेक्षा आपला कांदा किती जाईल हे आधी ठरवता येते, आणि ते काढणीच्या वेळीच ठरवता येते.'

हिशेब साधा आहे : शंभर क्विंटलचे पंधराशेने दीड लाख होतात, आणि उरलेल्या पंचाहत्तर क्विंटलला तेवढेच पैसे यायचे तर दर दोन हजार हवा. पण तो फोनवर एका श्वासात सांगता येतो, आबांच्या अनुभवाला धक्का लावत नाही आणि वादाचा विषय भावावरून मालावर आणतो. भावाबद्दल आबा आणि थोरला दोघेही अंदाजच करत असतात. कोणता कांदा टिकेल हे मात्र आबांना खरोखर कळते.

पुढचा भाग त्यामुळे आपोआप ठरला. 'भरायचा का विकायचा' याचे उत्तर बहुतेक वेळा 'दोन्ही' असे असते आणि ते ढीग वेगळे करण्यात आहे. जाड मानेचा, जोडकांदा, डेंगळ्याचा, काढताना मार लागलेला कांदा टिकत नाही. तो आधी विकावा. निम्म्या पिकाच्या माना पडल्यावर काढलेला, शेतात पातीसह तीन-चार दिवस सुकवलेला, एक इंच मान ठेवून पात कापलेला आणि मग सावलीत दहा-बारा दिवस ठेवलेला बारीक मानेचा कांदाच चाळीत जावा, आणि चाळीतला थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नसावा. हे सगळे जुन्या लेखातही होते, पण तेथे ते 'शास्त्रोक्त पद्धती' या मथळ्याखाली होते. नव्या लेखात ते 'कोणता ढीग आधी विकायचा' याखाली आले.

आईसाठी एक परिच्छेद वाढला, जो चित्राशिवाय मला कधीच सुचला नसता. जाळीच्या पिशवीत मोजून दहा किलो कांदा घालून ती पिशवी चाळीत हात पोहोचेल अशी ठेवावी आणि दर पंधरा दिवसांनी तिचे वजन करावे. खराब झालेले कांदे काढून टाकून उरलेले साडेआठ किलो भरले, तर शंभरातले पंधरा गेले असा अंदाज धरता येतो. पिशवी कडेला असते आणि मधल्या थरात हवा कमी खेळते, त्यामुळे आत याहून जास्त गेले असू शकते, ही मर्यादाही तेथेच लिहिली. मात्र "वास येतोय" याऐवजी "साडेआठ भरला" असे सांगता येते, आणि हे आबांनाही सांगता येते.

काय काढले, तेही सांगतो. भावांचा तक्ता गेला, अनुदानाचा परिच्छेद गेला, नव्या चाळीची मापे गेली आणि व्यापाऱ्यांना केलेला उपदेश तर कोणी विचारलाही नव्हता. परिच्छेद ठेवायचा की काढायचा, याची माझी चाचणी एवढीच होती : थोरला हे संध्याकाळच्या फोनवर सांगेल का? मापांचा परिच्छेद काढताना जीव थोडा हळहळला, कारण तो मी मेहनतीने जमवला होता. पण त्याची चाळ जुनी आहे आणि तो ती यंदा पाडणार नाही.

लेख तपासणे

लेख छापण्याआधी चित्राच्या जवळ जाणाऱ्या दोन खऱ्या माणसांना दिला. 'कसा वाटला' असे विचारले नाही, कारण उत्तर 'चांगला' हेच येते. त्याऐवजी एकाला म्हणालो, "हे वाचून झाल्यावर घरी फोन लावाल तेव्हा काय सांगाल, ते मला सांगा." त्याने दोन हजारांचा हिशेब बरोबर सांगितला, ढीग वेगळे करायचे सांगितले आणि पिशवीचे सांगितले, पण 'खराब कांदे काढून टाकून वजन करायचे' हे वगळले. तसे केले असते तर सडलेल्या कांद्याचेही वजन धरले गेले असते आणि पिशवी खोटा धीर देत राहिली असती. वाक्य लांब होते, म्हणून तेवढा तुकडा गळला. तो मी वेगळ्या वाक्यात पुढे आणला. दुसऱ्याने विचारले, "पात कापताना एक इंच म्हणजे किती, आईला कसं सांगू?" तेथे 'अंगठ्याच्या पेराएवढी' असे घातले.

सांगताना जे गळते ते लेखातच कमकुवत असते, असे मला दर वेळी दिसून आले आहे. दोघांच्या सांगण्यात एकच गोष्ट गळली तर वाक्य बदलावे. वेगवेगळ्या गोष्टी गळल्या तर लेखात फार गोष्टी आहेत असे समजून एखादी काढावी.

चित्र बिघडल्याचीही खूण आहे. लिहिताना 'थोरल्याला हेही आवडेल' असे मनात येऊ लागले की तो रबरी होऊ लागला असे समजावे आणि कागदावरचे पुराव्याचे आकडे पाहावेत. दुसरी खूण प्रतिक्रियांत दिसते : चित्रात नसलेल्या माणसाचे प्रश्न वारंवार येऊ लागले, की एक तर लेख भलत्याच लोकांपर्यंत पोहोचतो आहे किंवा घर बदलले आहे. म्हणून कागदाच्या मागे तारीख घालतो आणि दर उन्हाळ्याआधी दोन-तीन नव्या मुलाखती घेऊन प्रत्येक ओळ पुन्हा तपासतो.

या वर्षी एक ओळ खोडावी लागली. देवळ्याकडच्या एका चाळीवर मी मुलाला प्रश्न विचारत होतो, तेवढ्यात त्याच्या वडिलांनी खिशातून मोबाइल काढून माझाच लेख उघडून दाखवला. अक्षरे मोठी केलेली होती. "हा हिशेब मी वाचला," ते म्हणाले, "पण पंचवीस टक्के कुठून आणले? माझा पस्तीस जातो." पस्तीस गेला तर पंधराशेची बरोबरी तेवीसशेच्या थोडी पुढे जाते; ते मी तेथेच त्यांच्या वहीत मांडून दिले. नव्या कागदावर 'आबा मोबाइलवर लेख वाचत नाहीत' या ओळीच्या जागी आता 'आबा वाचतात, पण स्वतःचा आकडा घालून पाहतात' असे आहे, पुढे 'मुलाखत ११' एवढाच पुरावा आहे, आणि दुसरा मिळेपर्यंत ती ओळ पेन्सिलीनेच लिहिलेली आहे.